निराधार योजनेचा अर्ज दुसऱ्यासाठी भरताना : कोणता रकाना कागदावरून लिहायचा आणि कोणता अर्जदाराला विचारूनच

तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत येणारे बरेचसे अर्ज अर्जदाराने स्वतः भरलेले नसतात. पुतण्या भरतो, शेजारचा शिकलेला पोरगा भरतो, नाहीतर सेतू केंद्रावरचा ऑपरेटर भरतो. ज्या बाईच्या नावाने अर्ज आहे ती बाजूला बसून असते किंवा घरीच असते. माहिती कुठून येते? वहीच्या पाठच्या पानावर लिहिलेल्या दोन ओळी, व्हॉट्सॲपवर आलेले कागदांचे फोटो, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि कुणीतरी फोनवर सांगितलेलं.

अर्ज असा गोळा करून भरण्यात वावगं काही नाही. गावात तसंच चालतं आणि तसंच चालणार. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. अर्जावर सही किंवा अंगठा त्या बाईचा असतो, आणि तलाठी चौकशीला आला की उत्तरं तिला द्यावी लागतात, भरणाऱ्याला नाही. अर्जात एक आणि तिच्या तोंडात दुसरं, असं झालं की अर्ज अडतो. म्हणून कोणता रकाना कागद बघून भरायचा आणि कोणता तिला विचारल्याशिवाय भरायचाच नाही, हे आधी वेगळं केलं पाहिजे. या लेखात तेवढंच सांगितलं आहे.

योजना थोडक्यात

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्य सरकारची योजना आहे. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने त्रस्त, परित्यक्ता अशा निराधारांसाठी ती आहे. आपण इथे फक्त विधवा महिलेच्या अर्जाचं बघू. वय ६५ च्या आत हवं. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य हवं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असल्याचा दाखला हवा. विधवा महिलेला महिना १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम २०२३ साली १,००० वरून वाढवली. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात.

अर्ज तलाठ्यामार्फत, तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून देता येतो. त्यानंतर चौकशी होते, प्रकरण तालुका समितीपुढे जातं आणि मंजूर किंवा नामंजूर होतं.

समजण्यासाठी एक घर

एक घर डोळ्यासमोर धरू. हे उदाहरणादाखल आहे, कुणा एकाचं नाही. बाई चाळिशीतली. नवरा गेल्या वर्षी वारला. दोन मुलं शाळेत. अर्धा एकर कोरडवाहू जमीन, ती बटईने दिलेली. बाई मजुरीला जाते. अर्ज भरायला बसलाय तिचा पुतण्या. त्याच्याजवळ आहे ते असं :

– बाईच्या आधार कार्डाचा फोटो
– नवऱ्याच्या मृत्यू दाखल्याचा फोटो, एक कोपरा कापला गेलेला
– रेशन कार्डाची झेरॉक्स
– दोन पासबुकं
– बाईचा शाळा सोडल्याचा दाखला, चौथीपर्यंतचा
– वहीतलं पान : "उत्पन्न २० हजार. मोबाईल माझाच टाकणे. खातं जिल्हा बँकेचं. दिवाळीच्या आधी वारले."

आता त्याने काय करावं? अर्ज उघडून वरून खाली भरत सुटू नये. आधी एका कोऱ्या कागदावर तीन भाग पाडावेत. पहिला, कागदावरून जसंच्या तसं उतरवायचं. दुसरा, दोन कागदांत फरक आहे. तिसरा, कोणत्याच कागदावर नाही किंवा कागदावर असलं तरी ठरवायचं बाईने. अर्जाचा नमुना ऑनलाइन आणि कागदी थोडा वेगळा दिसेल, पण रकाने याच तीन भागांत बसतात.

पहिला भाग : कागद बघून उतरवायचं

आधार क्रमांक, मृत्यूची तारीख, रेशन कार्ड क्रमांक, खाते क्रमांक, गट नंबर हे या भागात येतं. इथे बाईला विचारण्यात अर्थ नाही, कारण आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पण इथे वहीवरूनही लिहायचं नाही. मूळ कागद समोर ठेवून लिहायचं. वहीत उतरवताना एक आकडा चुकला असेल तर अर्जात तोच चुकीचा आकडा जातो.

तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली, मृत्यूची तारीख. ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर एक नाही, तीन तारखा असतात. मृत्यू झाला ती तारीख, नोंद झाली ती तारीख आणि दाखला दिला ती तारीख. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते, त्यामुळे पहिल्या दोन तारखांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर सहज पडतं. घाईत खालची, ठळक दिसणारी तारीख उचलली जाते. आपल्या उदाहरणात फोटोचा कोपरा कापलेला आहे आणि वहीत "दिवाळीच्या आधी" एवढंच आहे. अशा वेळी अंदाजाने तारीख टाकू नये. रकाना मोकळा ठेवून दाखल्याचा पूर्ण फोटो परत मागवावा.

दुसरी, आयएफएससी कोड. हा ११ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यातलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही. शिवाय २०१९ आणि २०२० मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये गेली ती तेव्हाच. तेव्हाचं जुनं पासबुक असेल तर त्यावरचा कोड आता चालत नाही. शाखेत जाऊन नवीन पासबुकावर शिक्का घ्यावा.

तिसरी, जमीन. सातबारा अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असतो. भरणारा विचार करतो की आता जमीन बाईचीच, म्हणून बाईच्या नावावर लिहून टाकतो. किंवा उलट, नावावर नाही म्हणून "जमीन नाही" लिहितो. दोन्ही चूक. जे आहे ते लिहावं : जमीन पतीच्या नावे, क्षेत्र इतकं, वारस नोंद बाकी. तलाठ्याकडे सातबारा असतोच, त्याला एका मिनिटात कळतं.

दुसरा भाग : दोन कागद दोन बोलतात

आपल्या उदाहरणात रेशन कार्डावर नवऱ्याचं नाव "रामा" आहे आणि मृत्यू दाखल्यावर "रामदास". बाईच्या आधारवर मधलं नाव "रामदास". बाईची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी १९८२ आणि शाळेच्या दाखल्यावर १४ जून १९८४.

इथे भरणाऱ्याला वाटतं, मला तर माहीत आहे की रामा म्हणजेच रामदास. एक नाव टाकून मोकळं व्हावं. पण छाननी करणारा बाबू घरातला नाही. त्याच्यासमोर दोन नावं आहेत, म्हणजे दोन माणसं. तो अर्जावर त्रुटी काढतो आणि अर्ज परत येतो.

अशा वेळी पद्धत अशी. अर्जदाराचं नाव आधारप्रमाणे लिहावं, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जाणार आहेत. पतीचं नाव मृत्यू दाखल्याप्रमाणे लिहावं, कारण विधवा असल्याचा पुरावा तोच आहे. आणि रेशन कार्डावरचं वेगळं नाव लपवू नये. "रामा आणि रामदास ही एकाच व्यक्तीची नावे आहेत" असं बाईचं स्वयंघोषणापत्र सोबत लावावं. काही कार्यालयं त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागतात, म्हणून शाखेत आधी विचारून घ्यावं. पण ते लिहिण्याआधी बाईला विचारायचंच, कारण ही घोषणा तिची आहे. नवऱ्याच्या भावाचं नाव रामा असलेली घरंही असतात. पुतण्याला खात्री वाटते आणि बाई सांगते, "नाही रे बाबा, ते कार्ड सासऱ्यांच्या वेळचं, त्यात थोरल्या दिरांचं नाव आहे." मग सगळंच बदलतं. आधी रेशन कार्ड वेगळं करून घ्यावं लागतं.

जन्मतारखेचं थोडं निराळं आहे. १९८२ धरा की १९८४ धरा, बाई ६५ च्या आतच आहे. पात्रतेला फरक पडत नाही. तरी अर्जात जी तारीख लिहाल, तिचाच पुरावा जोडलेला असला पाहिजे. शाळेचा दाखला जोडून आधारची तारीख लिहिली, तर त्रुटी निघणारच. मात्र हाच फरक ६४-६५ वयाच्या बाईच्या कागदांत असेल, तर तो फरक योजनाच बदलतो. ६५ च्या पुढे संजय गांधी नाही, श्रावणबाळ योजना लागते. तिथे कोणती तारीख खरी हे बाईला आणि घरच्या जुन्या माणसांना विचारून, शाखेत कोणता वयाचा पुरावा चालतो ते बघून मगच लिहावं. आधारवर १ जानेवारी दिसली की समजून घ्यावं, ही तारीख बहुतेक अंदाजाने टाकलेली आहे. नोंदणीच्या वेळी फक्त वय सांगितलेल्यांच्या आधारवर हीच तारीख येते.

या भागाचा नियम एकच. दोन कागदांत फरक दिसला की भरणाऱ्याने त्यातला एक निवडायचा नाही. फरक लिहून ठेवायचा आणि बाईसमोर ठेवायचा.

तिसरा भाग : बाईनेच सांगायचं

सगळ्यात जास्त अर्ज इथे बिघडतात, कारण इथे कागद नसतो आणि वहीतल्या एका ओळीवर भागवलं जातं. उदाहरणातल्या घरात असे पाच रकाने आहेत.

*उत्पन्न.* वहीत लिहिलंय "२० हजार". हा आकडा कुणाचा? पुतण्याने ऐकलं होतं की २१ हजारांच्या आत पाहिजे, म्हणून त्याने २० लिहिलं. बाईला कुणी विचारलंच नाही. आता तलाठी विचारणार : मजुरी किती दिवस, रोज किती, जमिनीतून काय येतं? बाई खरं ते सांगणार आणि तिचं सांगणं २० हजारांशी जुळणार नाही.

त्यापेक्षा बाईजवळ बसून हिशेब मांडावा. मजुरी वर्षभर नसते. समजा खुरपणी आणि काढणी धरून वर्षाला ५० दिवस काम मिळतं आणि रोज २५० रुपये. झाले १२,५००. अर्धा एकर बटईतून तिच्या वाट्याला ५,००० येतात. एकूण १७,५००. मुलं लहान आहेत, कमावत नाहीत. हा आकडा बाईच्या तोंडचा आहे आणि कितीही वेळा विचारलं तरी ती तोच सांगेल. तोच तलाठ्यासमोर मांडायचा. चौकशी होऊन तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळाला की त्यावर जो आकडा येईल, तो अर्जात जसाच्या तसा लिहायचा. स्वतःचा वेगळा आकडा लिहायचा नाही.

आणि हिशेब २१ हजारांच्या वर गेला तर? ही मर्यादा महिन्याला १,७५० रुपये होते, म्हणजे फार कमी आहे. ८५ दिवस २५० रुपयांनी मजुरी केली तरी ती ओलांडते. म्हणून आकडा बसवण्याचा मोह होतो. पण उत्पन्नाच्या दाखल्यासोबत जे स्वयंघोषणापत्र जातं, त्यात माहिती खोटी निघाली तर खटला होऊ शकतो असं लिहिलेलं असतं आणि खाली अंगठा बाईचा असतो. पुतण्याचं त्यात काही जात नाही. अशा घराने आधी बघावं की दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव आहे का. असेल तर त्या दाखल्यावर अर्ज करता येतो. आणि कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला असेल, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्जही याच शाखेत होतो, तोही सोबत विचारून घ्यावा.

*दुसऱ्या योजनेचा लाभ.* अर्जात विचारलेलं असतं की इतर कोणत्या शासकीय योजनेचा लाभ घेता का. भरणारा सवयीने "नाही" लिहितो. पण बाईला लाडकी बहीण योजनेचे १,५०० येत असतील तर? लाडकी बहीण योजनेचा नियम आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील, तर ती महिला लाडकी बहीणला पात्र नाही. म्हणजे दोन्ही एकत्र चालत नाहीत. बऱ्याच बायकांना खात्यात येणारे पैसे कोणत्या योजनेचे हे ठाऊक नसतं. म्हणून प्रश्न साध्या भाषेत विचारावा : "काकू, तुझ्या खात्यात सरकारकडून दर महिन्याला काही जमा होतं का? चल, पासबुक भरून आणू." पासबुकावर नोंद दिसते.

लाडकी बहीण चालू असेल तर पुढे काय करायचं हे बाईने ठरवायचं, पुतण्याने नाही. रक्कम आज दोन्हीकडे सारखी आहे. तिला दोन्ही योजना समजावून सांगाव्यात. निराधार योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि मंजुरीला समितीची वाट बघावी लागते. दुसऱ्या बाजूने, वय ६५ झालं की लाडकी बहीण थांबते, पण निराधार बाईला पुढे श्रावणबाळ आहे. हे ऐकून ती जे म्हणेल ते लिहायचं. लपवून दोन्ही घेण्याचा सल्ला देऊ नये. दोन्हीकडे आधार जोडलेला आहे, त्यामुळे ते उघडं पडायला वेळ लागत नाही.

*बँक खातं.* वहीत लिहिलंय "खातं जिल्हा बँकेचं". पासबुक बघितलं तर ते नवऱ्यासोबतचं जोड खातं निघालं. दुसरं पासबुक जनधनचं, फक्त बाईच्या नावाचं. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. आधारला जे खातं शेवटी जोडलंय तिथे जातात. अर्जात एक खातं आणि आधारला दुसरं, असं असलं की मंजुरीचा मेसेज येतो आणि बाई बँकेत जाऊन रिकाम्या हाताने परत येते.

कोणतं खातं जोडलंय हे बघता येतं. myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून Bank Seeding Status इथे बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की नाही ते दिसतं. पण लॉगिनचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, म्हणून हे बाईसोबत बसूनच करावं लागतं. आपल्या उदाहरणात तिथे तिसऱ्याच बँकेचं नाव निघालं. बचत गटाच्या कर्जासाठी दोन वर्षांपूर्वी खातं उघडलं होतं आणि तेव्हा बँकेने आधार जोडून घेतलं होतं. बाईच्या लक्षातही नव्हतं. आता दोन वाटा आहेत. तेच खातं अर्जात लिहायचं, किंवा जनधनच्या बँकेत जाऊन आधार जोडणी तिकडे वळवायची. गावापासून कोणती बँक जवळ, कुठे ती स्वतः जाऊन पैसे काढू शकते, हे तिला माहीत. तिनेच सांगावं.

*मोबाईल नंबर.* "माझाच टाकणे" हे पुतण्याने सोयीसाठी लिहिलं. त्या नंबरवर अर्जाचे मेसेज येतील, त्रुटी निघाल्याचं कळेल. पुतण्या पुण्याला कामाला गेला किंवा घरात बेबनाव झाला, तर बाईला काहीच कळणार नाही. तिच्याकडे साधा फोन असेल तर तोच नंबर टाकावा. फोन नसेल तर कुणाचा नंबर द्यायचा हे तिला विचारावं. काही जणी मुलीचा किंवा माहेरच्या भावाचा सांगतात. आणि आधारला जोडलेला नंबर हा आणखी वेगळा विषय आहे, त्यावर ओटीपी येतो. तो दुसऱ्याचा असेल तर बाईच्या नावाने होणाऱ्या कामांची किल्लीच दुसऱ्याकडे राहते. तो बदलायचा असेल तर बाईला स्वतः हजर राहावं लागतं.

*वैवाहिक स्थिती आणि वास्तव्य.* विधवा महिलेला पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं. भरणाऱ्याला वाटतं, हे काय विचारायचं? पण न विचारता लिहू नये. आणि विचारायचं तर चावडीवर चार माणसांत नाही. घरात, एखादी बाई सोबत असताना विचारावं. अंगणवाडी ताईंनी किंवा बचत गटातल्या बाईने विचारलं तर आणखी बरं. वास्तव्याचंही तसंच. शेजारच्या राज्यातून लग्न होऊन आलेली बाई असेल, तर "१५ वर्षे" हे सवयीने लिहू नये. लग्न कोणत्या साली झालं, त्या आधी कुठे राहत होती, मध्ये ऊसतोडीला किंवा भट्टीवर बाहेर राज्यात किती दिवस होती, हे तीच सांगेल. जन्मच महाराष्ट्रातला असेल तर शाळेच्या दाखल्यावर ते दिसतं आणि प्रश्न मिटतो.

रकाना मोकळा ठेवायला घाबरू नका

सगळी माहिती एका बैठकीत मिळत नाही. मग अर्ज अर्धा ठेवावा, पण अंदाज लिहू नये. कागदी अर्ज असेल तर पक्कं झालेलं पेनाने आणि विचारायचं राहिलेलं पेन्सिलने लिहावं. एकच अट, तहसीलला जाण्याआधी पेन्सिलची एकही ओळ राहता कामा नये. ऑनलाइन अर्ज असेल तर आधी कोऱ्या छापील नमुन्यावर भरावा आणि मग सेतूवर टाइप करून घ्यावा. सेतूवर मागे रांग असते. ऑपरेटर विचारतो, "उत्पन्न किती टाकू?" आणि घाईत तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो. भरलेला नमुना हातात असला की हे टळतं.

उदाहरणातल्या पुतण्याच्या कागदावर शेवटी एवढं उरलं : मृत्यू दाखल्याचा पूर्ण फोटो, रेशन कार्डावरचा रामा कोण, उत्पन्नाचा हिशेब, लाडकी बहीण चालू आहे का, खातं कोणतं, मोबाईल कुणाचा, लग्नाचं साल. सात गोष्टी. यातली एक कागद मागवून सुटते. बाकी सहा बाईजवळ अर्धा तास बसल्यावर सुटतात. हा अर्धा तास वाचवला तर पुढे तहसीलच्या तीन-चार चकरा होतात आणि प्रत्येक चकरेला बाईची एक मजुरी बुडते.

अंगठ्याआधी वाचून दाखवा

अर्ज पूर्ण झाला की बाईला मोठ्याने वाचून दाखवावा. "सगळं बरोबर भरलंय, कर अंगठा" असं म्हणू नये. एकेक ओळ वाचावी आणि थांबावं. वाचताना प्रश्न असा विचारू नये की उत्तर आपोआप "हो" येईल. "उत्पन्न साडेसतरा हजार, बरोबर ना?" असं विचारलं की बाई मान हलवते. त्याऐवजी "काकू, वर्षाचं सगळं मिळून किती येतं म्हणालीस?" असं विचारावं. तिने स्वतः सांगितलेलं आणि अर्जातलं जुळलं, म्हणजे पक्कं. जुळलं नाही तर तिथे थांबावं आणि दुरुस्त करावं.

घोषणापत्राचा भाग तर नक्की वाचून दाखवावा, कारण खरी सही त्याच्यासाठीच असते. सोप्या बोलीत सांगावं : वर लिहिलेलं खरं आहे असं तू सांगते आहेस, खोटं निघालं तर तुझ्यावर कारवाई होऊ शकते. कोऱ्या किंवा अर्धवट अर्जावर अंगठा घेऊ नये, माणूस कितीही जवळचा असला तरी.

भरलेल्या अर्जाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा आणि एक झेरॉक्स बाईच्या घरी ठेवावी. तलाठी चौकशीला येईल तेव्हा काय लिहिलंय हे तिला आठवायला हवं. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, त्यावर तारीख आणि क्रमांक हवा. पुढे त्रुटी निघाली तर कोणत्या रकान्यात, हे लेखी मागावं. "कागद कमी आहे" एवढ्यावर परत येऊ नये. कोणता कागद, कोणत्या रकान्यासाठी, हे विचारून लिहून घ्यावं.

जवळ ठेवायची यादी

कागदावरूनच लिहा : आधार क्रमांक, मृत्यूची तारीख, मृत्यू दाखल्यावरचं पतीचं नाव, रेशन कार्ड क्रमांक, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, गट नंबर, उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा.

फरक दिसला तर बाईला दाखवा : नावाचं स्पेलिंग, हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव, जन्मतारीख, रेशन कार्डावरची माणसं, जमीन कुणाच्या नावे.

बाईने सांगितल्याशिवाय लिहू नका : मजुरीचे दिवस आणि कमाई, दुसऱ्या योजनेचा लाभ, कोणतं खातं, कुणाचा मोबाईल, पुनर्विवाह, किती वर्षांचं वास्तव्य, आणि घोषणापत्रावरचा अंगठा.

ही यादी फोनमध्ये जपून ठेवा. श्रावणबाळचा अर्ज असो की दिव्यांग बांधवाचा, पात्रतेच्या अटी बदलतील आणि काही कागद बदलतील. पण उत्पन्न, खातं, दुसरा लाभ आणि घोषणा हे चार रकाने तिथेही अर्जदाराच्या तोंडूनच भरायचे आहेत.